आधी कोणता मेल उघडायचा?

जुलै महिन्यात पुण्यातल्या एखाद्या करसल्लागाराच्या कार्यालयात सकाळी मेलबॉक्स उघडला की रात्रीतून आलेले मेल एकाखाली एक लागलेले दिसतात. सगळ्यात नवा सगळ्यात वर. या क्रमात मेल किती वाजता आला, एवढीच एक गोष्ट मोजलेली असते. प्राप्तिकर खात्याची नोटीस, जीएसटीची बिलं कुठे पाठवायची असं विचारणारा छोटा दुकानदार, जुन्या क्लायंटच्या वर्धापनदिनाच्या जेवणाची चर्चा आणि साड्यांच्या सेलची जाहिरात हे सगळं त्यामुळे एकाच मापानं मोजलं जातं. दिवस संपतो तेव्हा सगळ्यात खाली गेलेला मेल बहुधा तोच असतो, ज्याच्यासाठी दोन दिवसांनी धावाधाव होणार असते.

यावर उपाय म्हणून प्रत्येक मेलला शून्य ते एकच्या दरम्यान एक गुण द्यायचा आणि त्या गुणानुसार मेल लावायचे, ही कल्पना जुनी आहे. मेल कोणी पाठवला, त्यात मुदत आहे का आणि त्या विषयावर सध्या किती बोलणं चालू आहे, या तीन गोष्टी पाहायच्या, इथवर कोणीही सहज येतो. खरी अडचण त्यानंतर सुरू होते. हे तीन आकडे मोजायचे कसे आणि मोजल्यावर एकत्र कसे करायचे? हा दुसरा प्रश्न किरकोळ वाटतो, पण बहुतेक रचना तिथेच फसतात.

आकडेमोडीच्या आधी एक गोष्ट ठरवावी लागते, की हा गुण नेमकं काय मोजणार आहे. ‘महत्त्व’ असं उत्तर दिलं तर काहीच ठरत नाही, कारण महत्त्वाचा मेल पुढच्या आठवड्यात वाचला तरी चालण्यासारखा असू शकतो. मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातल्या एरिक हॉर्विट्झ यांनी १९९९ मध्ये सहकाऱ्यांबरोबर लिहिलेल्या निबंधात याचं नेमकं उत्तर दिलं होतं. मेल उशिरा पाहिला तर त्या उशिरानं दर तासाला किती नुकसान वाढतं, ते मोजा, असं त्यांचं म्हणणं होतं. मला ही व्याख्या फार मोलाची वाटते, कारण तिच्यामुळे पुढचा प्रत्येक वाद सोडवता येतो. एखादी खूण गुणात घ्यायची की नाही असा प्रश्न पडला, तर ‘ती खूण उशिराच्या नुकसानाबद्दल काही सांगते का?’ एवढंच विचारायचं.

आता करसल्लागाराच्या मेलबॉक्सकडे वळू आणि पहिल्यांदा पाठवणारा पाहू. पाठवणाऱ्याचं महत्त्व मोजण्याचा सरळ मार्ग म्हणजे आपलंच आजवरचं वागणं. त्याचे किती मेल आले आणि त्यांतल्या किती मेलना आपण एका कामकाजाच्या दिवसात उत्तर दिलं? एखाद्या कारखानदार क्लायंटचे ४० मेल आले आणि ३४ ना उत्तर गेलं, तर प्रमाण ८५ टक्के. पण ज्याचा आजवर एकच मेल आला आणि त्याला उत्तर गेलं, त्याचं प्रमाण १०० टक्के होतं आणि तो कारखानदाराच्याही वर जाऊन बसतो. म्हणून प्रत्येकाच्या खात्यात सुरुवातीलाच पाच काल्पनिक मेल धरायचे आणि त्यांतल्या दोघांना उत्तर दिलं असं समजायचं. मग कारखानदार ४५ पैकी ३६, म्हणजे ०.८० वर येतो. नवखा सहापैकी तीन, म्हणजे ०.५० वर येतो. साड्यांच्या दुकानाचे १२० मेल आले आणि एकालाही उत्तर गेलं नाही, म्हणून ते दुकान १२५ पैकी दोन, म्हणजे ०.०१६ वर जातं. ज्याच्याबद्दल अजून काहीच ठाऊक नाही तो ०.४० वर उभा राहतो. अनोळखी माणूस उद्याचा क्लायंट असू शकतो, तेव्हा हे योग्यच आहे.

इतकं सुरळीत चाललेलं असताना प्राप्तिकर खातं आडवं येतं. खात्याचे मेल ‘या पत्त्यावर उत्तर देऊ नका’ अशा पत्त्यावरून येतात. तिथे कोणीच उत्तर देत नाही, काम पोर्टलवर जाऊन करावं लागतं. समजा, असे ३० मेल आले असतील, तर आपल्या हिशेबानं खात्याला ३५ पैकी दोन, जेमतेम ०.०६ मिळतात. सेलच्या जाहिरातींच्या शेजारी, तळाशी. आणि तरीही १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम १३९(९) खाली सदोष रिटर्नची नोटीस आली, तर उत्तराला १५ दिवस असतात, आणि ते दिवस गेले तर रिटर्न भरलंच नव्हतं असं धरलं जाऊ शकतं.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. पाठवणाऱ्याबद्दल दोन वेगळ्या गोष्टी मोजायला हव्यात. एक म्हणजे आपला त्याच्याशी असलेला व्यवहार, जो वागण्यातून शिकता येतो. दुसरी म्हणजे त्यानं घातलेली मुदत आपल्यावर किती बंधनकारक आहे, आणि ती माणसालाच ठरवून द्यावी लागते. पहिल्याला P म्हणू, दुसऱ्याला H. प्राप्तिकर आणि जीएसटी खात्यांसाठी H ०.९५, क्लायंटसाठी ०.९०, अनोळखी व्यक्तीसाठी ०.५० आणि जाहिरातींसाठी ०.०५. जाहिरात ओळखणं फारसं अवघड नाही, कारण घाऊक मेलच्या शीर्षभागात बहुधा `List-Unsubscribe` अशी ओळ असते. वाचकाला ती दिसत नाही, पण प्रोग्रामला दिसते.

H चा आकडा देताना एक खबरदारी सोडून चालणार नाही. प्राप्तिकर परताव्याच्या नावानं फसवे मेल सर्रास येतात आणि त्यांच्या वरच्या नावात खात्याचंच नाव असतं. नाव पाहून ०.९५ दिले, तर आपली रचना फसवणाऱ्याचा मेल स्वतःच्या हातानं सगळ्यात वर आणून ठेवेल. मेल खरोखर त्या डोमेनवरून आला आहे का, हे मेल सर्व्हर एसपीएफ आणि डीकिम या तपासण्यांनी पडताळतो आणि निकाल शीर्षभागात लिहितो. ती पडताळणी पार झाली आणि डोमेन आपल्या यादीतलं निघालं, तरच मोठा H द्यायचा. नाहीतर खात्याचं नाव लावणाऱ्या मेलला अनोळख्यापेक्षाही कमी द्यावा.

दुसरा भाग मुदतीचा. इथे पहिली चूक बहुतेक सगळे करतात ती अशी, की मुदतीला किती दिवस उरले तेवढंच मोजतात. दोन दिवस उरलेलं अर्ध्या तासाचं काम आणि दोन दिवस उरलेलं दोन दिवसांचं काम एकाच पायरीवर येतात. मोजायची असते ती सवड, म्हणजे उरलेल्या दिवसांतून कामाला लागणारे दिवस वजा करून जे उरतं ते. सवड संपली की मुदतीचा आकडा D एक धरायचा. सवड दोन दिवस असेल तर अर्धा, चार दिवस असेल तर पाव, असं दर दोन दिवसांना निम्मं करत जायचं. १५ दिवसांची नोटीस आली त्या दिवशी, दोन दिवसांचं काम धरलं तर सवड १३ दिवसांची, आणि D सुमारे ०.०१. म्हणजे नोटीस आली त्या दिवशी या आकड्यानं ती वर येणारच नाही, आणि ते बरोबर आहे. पण म्हणूनच हा गुण मेल आल्यावर एकदा काढून ठेवण्याचा नाही. रोज सकाळी साऱ्या न संपलेल्या मेलचा तो नव्यानं काढावा लागतो. जुना मेल आपोआप वर चढत येणं हाच या रचनेचा खरा उपयोग आहे.

मुदत उलटून गेल्यावर काय करायचं, यालाही एकच उत्तर नाही. काल संध्याकाळच्या बैठकीचं निमंत्रण आज निकामी झालेलं असतं, तिथे D शून्यावर आणायचा. जीएसटीचं ३बी रिटर्न मात्र चुकलं की रोज ५० रुपये विलंब शुल्क लागत राहतं, निरंक रिटर्न असेल तर २० रुपये. त्याला कमाल मर्यादा असली, तरी ती येईपर्यंत प्रत्येक दिवस पैसे खातो आणि व्याज वेगळंच. हॉर्विट्झ यांच्या व्याख्येनं पाहिलं की हा फरक लगेच कळतो. पहिल्या मेलचं व्हायचं ते नुकसान होऊन गेलं, आता ते वाढत नाही. दुसऱ्याचं रोज वाढतंय.

मेलमधून मुदत वाचून काढणं हे स्वतंत्र काम आहे आणि त्यात बारीक खाचखळगे आहेत. ‘उद्या संध्याकाळपर्यंत’ हे मेल पाठवलेल्या दिवसापासून मोजायचं, वाचला त्या दिवसापासून नव्हे. ०५/०७ हे पुण्याच्या क्लायंटनं लिहिलं तर ५ जुलै, न्यू जर्सीत राहणाऱ्या त्याच्या मुलानं लिहिलं तर कदाचित ७ मे. आणि सगळ्यात जास्त घोटाळा करणारी गोष्ट म्हणजे उत्तराखाली चिकटून येणारा जुना मजकूर. तो आधी कापून टाकला नाही, तर ‘धन्यवाद’ एवढ्याच शब्दाच्या उत्तरातही खालची जुनी तारीख सापडते आणि तो मेल तातडीचा ठरतो. तारखेबद्दल खात्री नसेल, तर प्रोग्रामनं अंदाज न लावता माणसाला विचारावं, असं मला वाटतं. चुकीची तारीख ही तारीख नसण्यापेक्षा घातक असते, कारण ती पाहून माणूस निर्धास्त होतो.

तिसरा भाग म्हणजे संवादाची हालचाल. कोणता मेल कोणत्या मेलला उत्तर आहे, हे `In-Reply-To` आणि `References` या शीर्षओळींवरून कळतं. १९८२ च्या मेल-मानकातही त्या होत्या. त्यांच्या आधारे मेलची साखळी जोडता येते. मग मोह होतो तो गेल्या २४ तासांत साखळीत किती मेल आले ते मोजण्याचा. पण वर्धापनदिनाच्या जेवणाला व्हेज की नॉनव्हेज यावर २० मेल येतात आणि ‘सर, माझ्या प्रश्नाचं काय झालं?’ हा मेल एकटाच येतो. गर्दी मोजली की गोंगाटाला मान मिळतो.

मोजायचं ते हे, की साखळीतली पुढची पाळी कोणाची आहे. शेवटचा मेल दुसऱ्याचा आहे, तो थेट आपल्या नावे आहे आणि आपण याआधी त्या साखळीत लिहिलेलं आहे, तर बहुधा कोणीतरी आपली वाट पाहतंय. तिथे T ०.८ धरावा. शेवटचा शब्द आपला असेल, तर चेंडू समोरच्याकडे आहे आणि ०.१ पुरे. आपल्याला नुसती प्रत पाठवलेली असेल आणि आपण एकदाही तोंड उघडलेलं नसेल, तरी ०.१ च. मेलची संख्या घ्यायचीच तर किती वेगवेगळी माणसं बोलली ती घ्यावी आणि तिचा वाटा लवकर थांबवावा. याच्या उलट, उत्तर न मिळालेल्या माणसानं दुसऱ्यांदा मेल केला, तर तो आकड्यानं एकच असला तरी खूप काही सांगतो. साखळीतली शांतता दोन प्रकारची असते. विषय संपल्यामुळे आलेली आणि आपण गप्प राहिल्यामुळे आलेली. पाळी कोणाची हे पाहिलं, की त्या दोन वेगळ्या काढता येतात.

आता हे आकडे एकत्र करायचे. पहिल्यांदा सुचते ती बेरीज. पाठवणाऱ्याला ४० टक्के, मुदतीला ४० टक्के, हालचालीला २० टक्के. तारीख १८ जुलै आहे असं धरू आणि सुरुवातीचे चार मेल घेऊ.

सदोष रिटर्नची नोटीस ५ जुलैला आली होती. दोन दिवस उरलेत, क्लायंटकडून कागद मागवून उत्तर द्यायला दोन दिवस लागतील, म्हणजे सवड शून्य. P ०.०६, D एक, T शून्य. बेरीज ०.४२. छोट्या दुकानदाराचा ३बी चा मेल नव्या क्लायंटचा आहे, म्हणून P ०.४०. २० तारखेला दोन दिवस आहेत, काम एका दिवसाचं, सवड एका दिवसाची, म्हणून D ०.७१. तो दुसऱ्यांदा विचारतोय, म्हणून T ०.८. बेरीज ०.६०. जेवणाच्या साखळीत कारखानदाराचा P ०.८०, मुदत नाही, T गर्दीमुळे ०.९. बेरीज ०.५०. आणि ‘सेल आज रात्री संपणार’ म्हणणाऱ्या साडीच्या जाहिरातीला P ०.०१६, D पूर्ण एक, बेरीज ०.४१.

जेवणाची चर्चा नोटिशीच्या वर गेली. आणि कायद्यानं बांधलेली नोटीस आणि साड्यांचा सेल यांच्यात फक्त एका शतांशाचा फरक उरला. टक्केवारी बदलून पाहिली तरी हे सुधारत नाही. मुदतीचा वाटा वाढवला की नोटिशीबरोबर जाहिरातही वर येते, पाठवणाऱ्याचा वाढवला की दोन्ही खाली जातात. दोष आकड्यांत नाही, बेरजेतच आहे. बेरजेत प्रत्येक गोष्ट आपापला वाटा टाकते आणि एकमेकींशी बोलत नाही. खरं तर मुदतीचं वजन ती कोणी घातली यावर अवलंबून असतं, म्हणजे तिथे गुणाकार हवा. आणि कोणतंही एक कारण पुरेसं जबर असेल, तर बाकीची नसली तरी मेल वर यायला हवा. या दोन्ही गोष्टी एका सूत्रात बसतात:

```
score = 1 - (1 - 0.5*P) * (1 - H*D) * (1 - 0.4*T)
```

प्रत्येक कंस म्हणजे ‘या कारणानं मेल थांबून चालण्याची शक्यता’. तीन्ही कारणांनी थांबून चालत असेल तरच मेल खाली राहतो. एकही कंस शून्याजवळ गेला की गुण एकजवळ जातो. नोटिशीला आता ०.९५ मिळतात. दुकानदाराला ०.८०. जेवणाच्या साखळीला ०.६२, आणि तिथे गर्दीऐवजी पाळी मोजली तर त्याहून कमी. जाहिरातीला ०.०६. हा क्रम कोणताही अनुभवी सीए डोळे झाकून मान्य करेल. H पूर्ण एक का दिला नाही, तेही इथे कळतं. एक दिला असता तर शेवटच्या दिवशी खात्याच्या सगळ्या मेलना नेमका एक मिळून त्यांच्यात आपसांत क्रमच उरला नसता.

०.५ आणि ०.४ हे आकडे मी हातानं बसवलेले आहेत आणि एका कार्यालयापुरते ते चालतात. कोट्यवधी लोकांसाठी ते शिकावे लागतात. गूगलनं २०१० मध्ये जीमेलमध्ये ‘प्रायॉरिटी इनबॉक्स’ आणला, तेव्हा त्याच्या कर्त्यांनी त्याची रचना लिहून प्रसिद्ध केली होती. मेल आल्यानंतर ठरावीक काळात वापरणारा त्यावर काही कृती करेल याची शक्यता ते काढत. पाठवणाऱ्याशी असलेला व्यवहार, मजकुरातले शब्द, साखळीतला आपला सहभाग अशा शेकडो खुणा त्यात होत्या. सर्वांसाठी एक समाईक हिशेब आणि त्यावर प्रत्येकाचा स्वतःचा छोटा हिशेब असे दोन थर होते, म्हणून नव्या माणसालाही पहिल्या दिवसापासून काहीतरी बरं दिसे. अचूकता सुमारे ८० टक्के भरली. गूगलच्याच कर्मचाऱ्यांत हा इनबॉक्स वापरणाऱ्यांचा मेल वाचण्यातला वेळ ६ टक्क्यांनी आणि बिनमहत्त्वाचे मेल वाचण्यातला वेळ १३ टक्क्यांनी कमी झाला. त्याच निबंधातली आणखी एक नोंद मला जास्त बोलकी वाटते. महत्त्वाचा मेल खाली राहून जाण्याचं प्रमाण बिनमहत्त्वाचा मेल वर येण्याच्या तीन-चारपट होतं. वर आलेला नको असलेला मेल लोकांना खटकतो, खाली राहिलेला दिसत नाही.

म्हणून रचना बिघडली आहे का हे पाहायचं तर यादीच्या वरच्या टोकाकडे पाहून उपयोग नाही. वर सगळं छानच दिसतं. आठवड्यातून एकदा तळातले वीसेक मेल काढून माणसानं वाचावेत आणि त्यांतला कोणता वर हवा होता ते लिहून ठेवावं. ज्या मेलसाठी शेवटी क्लायंटला फोन करावा लागला, ते मेल त्या दिवशी कितव्या क्रमांकावर होते, हेही नोंदवावं. या दोन नोंदींतून जे कळतं, ते कोणत्याही टक्केवारीतून कळत नाही.

शिकणाऱ्या रचनेत एक चक्रही तयार होतं. खाली गेलेला मेल कोणी उघडत नाही. उघडला नाही म्हणून त्या पाठवणाऱ्याचा P आणखी घसरतो, आणि पुढचा मेल त्याहून खाली जातो. महिन्या-दोन महिन्यांत तो माणूस नाहीसा होतो आणि रचनेला वाटतं आपलं बरोबरच होतं. यातून सुटायला रोज तळातले दोन-तीन मेल निवड न करता उचलून वर ठेवावे लागतात आणि ते उघडले जातात का ते पाहावं लागतं. P काढतानाही खरोखर नजरेखाली आलेले मेलच मोजावेत. न दिसलेल्या मेलला उत्तर दिलं नाही, यावरून पाठवणाऱ्याबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

मुदती साठवायच्या पद्धतीबद्दलही आधीच विचार केलेला बरा. प्रत्येक मेलवर ‘३१ जुलै’ असं कोरून ठेवलं की अडचण होते, कारण सरकारी तारखा हलतात. २०२५ मध्ये ऑडिट नसलेल्यांच्या प्राप्तिकर रिटर्नची तारीख ३१ जुलैवरून १५ सप्टेंबरवर गेली आणि मग आणखी एक दिवस वाढून १६ सप्टेंबर झाली. मेलवर तारखेऐवजी ‘रिटर्नची अंतिम तारीख’ एवढीच खूण ठेवावी आणि प्रत्यक्ष तारीख एका वेगळ्या तक्त्यात असावी. तक्त्यातली एक ओळ बदलली की शेकडो मेलची सवड एकदम वाढते, त्यांचे गुण उतरतात आणि ज्यांची तारीख हललेली नाही ती नोटीस आणि २० तारखेचं ३बी दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांच्या वर दिसतात.